मराठी शिफारसपत्राचे जर्मन भाषांतर : कौतुक खरे वाटेल, फुगवलेले नाही

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. तिकडे नोकरी शोधणारे इलेक्ट्रिशियन, परिचारिका, चालक जुन्या मालकाचे मराठी शिफारसपत्र जर्मनमध्ये करून मागतात. नावे, तारखा, पदनाम आणि कामाचा कालावधी मूळ कागदपत्रांशी ताडून घ्या. त्यावर अधिक सांगण्याची गरज नाही. खरी अडचण कौतुकाच्या वाक्यांची असते, आणि ‘शब्दाला शब्द ठेवा’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला नेमका तिथेच घात करतो.

कारण असे की, जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला मालकाकडून लेखी प्रमाणपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्याला ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ म्हणतात. ते सद्भावनेने लिहिलेले असावे अशी अपेक्षा असल्यामुळे उघड निंदा कोणी करत नाही, आणि बरे-वाईट मत कौतुकाच्या ठरावीक पायऱ्यांतून कळते. ‘आमच्या समाधानाप्रमाणे’ काम केले, म्हणजे जेमतेम; ‘आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे’, म्हणजे मध्यम; त्याला ‘सदैव’ जोडले की चांगले; आणि ‘सदैव आमच्या परिपूर्ण समाधानाप्रमाणे’, म्हणजे उत्कृष्ट. यातली ‘मध्यम’ पायरी ही सर्वसाधारण श्रेणी असून तिच्याहून वरची हवी असेल, तर ती कर्मचाऱ्याने सिद्ध करावी, असे तेथील सर्वोच्च श्रम न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. प्रमाणपत्रात छुपा अर्थ नसावा असे कायदा म्हणतो, तरीही वाचणाऱ्याची नजर या पायऱ्यांना सरावलेली असते.

साताऱ्याकडच्या एका कारखान्याच्या मालकाने आपल्या इलेक्ट्रिशियनसाठी मनापासून लिहिले होते : “सोपवलेले प्रत्येक काम पूर्ण करण्याचा तो सदैव प्रयत्न करत असे. त्याचे काम समाधानकारक होते. तो अत्यंत हुशार, निर्व्यसनी, मनमिळाऊ व आज्ञाधारक आहे.” मी तेव्हा नवखा होतो आणि ते जसेच्या तसे जर्मनमध्ये उतरवले. ‘प्रयत्न करत असे’ याला मी ‘बेम्यूट’ हा शब्द वापरला, आणि तिथल्या प्रमाणपत्रांत त्या शब्दाचा अर्थ ‘धडपडला, पण जमले नाही’ असा घेतला जातो. ‘समाधानकारक’ने त्याला जेमतेमच्या पायरीवर बसवले. ‘मनमिळाऊ’साठी निवडलेला ‘गेझेलिग’ हा शब्द तर कामावर मद्यपानाचा इशारा म्हणून ओळखला जातो, आणि शेजारीच ‘निर्व्यसनी’ आल्याने शंका आणखी वाढली. पत्र पाहून भरती अधिकाऱ्याने उमेदवारालाच विचारले की, मालक तुमच्यावर नाराज होते का? त्या प्रश्नाची जबाबदारी संपूर्णपणे माझी होती.

यावर अनेक जण ‘सगळीकडे सर्वांत वरची पायरी टाका’ असे सुचवतात. कृपया तसे करू नका. मालकाने न दिलेली श्रेणी देणे हा भाषांतरकाराचा अधिकार नाही, आणि पुराव्याविना आलेले ‘परिपूर्ण’ पोकळच वाटते. मराठीत ‘अत्यंत’ हा शब्द आपण सौजन्य म्हणून वापरतो. जर्मनमध्ये त्याच्यासाठी विशेषण चढवले की ते मोजून दिलेले मत ठरते.

म्हणून भाषांतर सुरू करण्यापूर्वी मालकांना फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा : या माणसाने नेमके काय केले, आणि पुन्हा संधी आली तर त्याला कामावर घ्याल का? त्या मालकांनी सांगितले, “सहा वर्षांत त्याने जोडलेले एकही कंट्रोल पॅनेल दुरुस्तीला परत आले नाही, आणि आयटीआयमधून आलेल्या दोन मुलांना त्याने वायरिंग शिकवले. उद्या आला तर लगेच घेईन.” हे ऐकल्यावर पत्रात ‘प्रयत्न’ आणि ‘समाधानकारक’ यांना जागा उरली नाही. ‘आज्ञाधारक’ऐवजी ‘वरिष्ठ आणि सहकारी दोघांशीही त्याचे वागणे चांगले होते’ असे आले, आणि तेही वरिष्ठांचा उल्लेख आधी ठेवून, कारण सहकारी आधी आले तर वरिष्ठांशी पटत नव्हते असे वाचले जाऊ शकते. ‘निर्व्यसनी’ गाळायला मालक लगेच तयार झाले.

हे बदल भाषांतरात गुपचूप करू नयेत. मूळ मराठी पत्रच मालकांनी सुधारून सही-शिक्क्यासह द्यावे, आणि त्याचेच भाषांतर व्हावे, विशेषतः प्रमाणित भाषांतर हवे असेल तेव्हा. मूळ पत्र बदलणे अशक्य असेल, तर ते निष्ठेने उतरवा आणि हे भारतीय पद्धतीचे पत्र असून जर्मन श्रेणीप्रमाणे वाचू नये, अशी स्वतंत्र टीप भाषांतरकाराच्या नावे जोडा.

शेवटी जर्मन मसुदा तिथल्या कार्यालयात काम केलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला नावे झाकून दाखवा आणि यावरून किती गुण द्याल ते विचारा. त्याचे उत्तर मालकांनी फोनवर दिलेल्या मताशी जुळले, तर पत्र पाठवावे. जुळले नाही, तर विशेषणे न हलवता क्रियापदे पुन्हा तपासावीत.