झोन टू चालणं की हिट? वजनं उचलणाऱ्यांनी या चुका टाळा

माझ्याकडे जिमला येणारा एक जण मार्चमध्ये वैतागून आला. वय 41, वजन 84 किलो, नोकरी बसून करायची. म्हणाला, "सर, दीड महिना झाला, एक दिवस सुट्टी नाही घेतली. पोट जिथल्या तिथे आणि स्क्वॉट मात्र 100 वरून 90 वर आला."

मी त्याला आठवडा कागदावर लिहायला लावला. सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी अप्पर बॉडी, गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी पुन्हा अप्पर. इथवर ठीक. पण मंगळवारी अप्पर झाल्यावर वीस मिनिटं बर्पी आणि जंप, बुधवारी ट्रेडमिलवर स्प्रिंट, शनिवारी परत स्प्रिंट. आणि रविवारी मित्रांबरोबर सिंहगड, त्यापुढे कंसात लिहिलं होतं "झोन टू", म्हणजे चालता चालता बोलता येईल इतपतच वेगाचं कार्डिओ.

त्या एका कागदावर जवळजवळ सगळ्या चुका होत्या. एकेक घेऊ.

चरबी कशाने जास्त जळते, हा वाद घालत बसणं

ट्रेडमिलच्या पॅनलवर "फॅट बर्निंग झोन" लिहिलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. सावकाश चालताना लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा चरबीतून येतो, जोरात पळताना साखरेतून. पण शरीर हिशोब चाळीस मिनिटांचा ठेवत नाही, अख्ख्या दिवसाचा ठेवतं. व्यायामात साखर वापरली, तर उरलेल्या वेळात चरबी जास्त वापरली जाते. शेवटी दिवसाचं खाणं आणि खर्च यातला फरक तेवढा उरतो.

दुसऱ्या बाजूला हिटवाले, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मध्ये विश्रांती असे इंटरव्हल करणारे, "आफ्टरबर्न"चं नाव घेतात: वीस मिनिटं मारा आणि दिवसभर कॅलरी जळत राहतील. जळतात, पण किती? व्यायामात जो खर्च झाला, त्याच्या साधारण सहा ते पंधरा टक्के. वीस मिनिटांच्या हिटमध्ये 200 कॅलरी गेल्या असतील, तर नंतरचा बोनस फार तर 30. म्हणजे एखादं ग्लुकोज बिस्किट. दोन्ही प्रकारांची समोरासमोर तुलना करणाऱ्या अभ्यासांमध्येही चरबी कमी होण्यात म्हणावा असा फरक दिसत नाही.

मग निवड कशावरून करायची? वजनं उचलणाऱ्यासाठी माझं उत्तर एकच आहे: पुढच्या लेग डेला पाय कसे असतील, यावरून. चालण्याची किंमत पाय त्याच दिवशी फेडून मोकळे होतात. स्प्रिंटची उधारी दोन-दोन दिवस चालते.

झोन टू समजून भलतंच काहीतरी चालणं

झोन टूची व्याख्या घड्याळाला विचारलीत तर गोंधळ वाढतो. याच माणसाचं उदाहरण घ्या. 220 वजा वय केलं, तर त्याचे जास्तीत जास्त ठोके मिनिटाला 179. त्याचे 60 ते 70 टक्के म्हणजे 107 ते 125. पण आरामातले ठोके (त्याचे 64) वजा करून उरलेल्या राखीव ठोक्यांवर तेच टक्के लावले आणि 64 परत मिळवले, तर पट्टा येतो 133 ते 144. नाव एकच, टक्के तेच, आणि दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. त्याच्या घड्याळात पहिला हिशोब होता आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये दुसरा. वर 220 वजा वय हे सूत्रच एखाद्या माणसाच्या बाबतीत सहज दहा-बारा ठोक्यांनी चुकू शकतं.

म्हणून मी बोलण्यावर जातो. चालता चालता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. एका श्वासात दोन-तीन ओळी सुटसुटीत येत असतील, पण ऐकणाऱ्याला तुम्ही चालताय हे कळत असेल, तर तुम्ही झोन टूमध्ये आहात. घरात बसल्यासारखा पाढा आला, तर वेग कमी पडतोय. ओळ अर्धवट सोडून "सतरा सख" पाशीच श्वास घ्यावा लागला, तर वर गेलात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधाने दबलेले असतात, त्यांच्यासाठी तर हीच कसोटी खरी. मे महिन्यात दुपारी चालाल, तर त्याच वेगाला ठोके दहाने वर दिसतील. तेव्हाही पाढ्यावरच विश्वास ठेवा.

बहुतेकांची चूक वेग कमी पडण्याची असते. 84 किलोच्या माणसाने सपाट ट्रेडमिलवर ताशी 5 किलोमीटरने 45 मिनिटं चाललं, तर आरामातला खर्च वजा जाता जेमतेम 160 कॅलरी जातात. तोच वेग 5.5 केला आणि इन्क्लाइन 5 टक्के ठेवला, तर 330 च्या आसपास. दुप्पट, आणि तरीही पळावं लागत नाही. अट एकच, पुढचा दांडा धरायचा नाही. इन्क्लाइन 12 वर टाकून दांड्याला लोंबकळणारे रोज दिसतात. पॅनलवर आकडा भारी येतो, कारण तुमचं वजन हात पेलतायत हे मशीनला कळत नाही. हात सोडून जमत नसेल, तर इन्क्लाइन खाली आणा.

आणि सिंहगड? आतकरवाडीच्या वाटेने चढताना सतराचा पाढा म्हणून बघा. चढ हा बहुतेकांसाठी झोन टूच्या बराच वर असतो. पण खरा घोळ उतरताना होतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि अशाच कामाने स्नायू सर्वांत जास्त दुखावतात. हे दुखणं 24 ते 48 तासांत टिपेला पोचतं. रविवारी गड उतरला, तर सोमवार-मंगळवार गेले. आणि त्याचा स्क्वॉट सोमवारी! वरच्या पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातल्या दह्याचा हिशोब मी काढला नाही, त्यानेही दाखवला नाही.

हिटच्या नावाखाली ना धड हे, ना धड ते

त्याच्या मंगळवारच्या बर्पी वीस मिनिटं सलग चालायच्या. मिनिटभर बर्पी, पंधरा सेकंद उसंत, परत चालू. दम खूप लागतो, पण जोर कधीच पूर्ण लागत नाही, कारण सावरायला वेळच नाही. याला इंटरव्हल म्हणत नाहीत. थकवा हिटचा आणि फायदा मध्यम जॉगिंगचा.

खऱ्या इंटरव्हलमध्ये जोराचा वेळ थोडा असतो आणि विश्रांती भरपूर. वजनं उचलणाऱ्याला मी सायकलवर हे देतो: पाच मिनिटं वॉर्म-अप, मग 30 सेकंद जोरात आणि 90 सेकंद अगदी हलकं, असे आठ फेरे, शेवटी चार मिनिटं सैल पेडल. पंचवीस मिनिटांत खऱ्या जोराची मिनिटं फक्त चार. सायकल अशासाठी, की तिच्यात पाय जमिनीवर आपटत नाही आणि उतारासारखं ब्रेक लावणं नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं दुखणं बरंच कमी.

बरोबर झालं का, हे सायकलच्या वॅटवर दिसतं. पहिल्या फेरीला 320 आणि आठव्या फेरीला 300, उत्तम. आठवी 230 वर आली, तर सुरुवात जास्त जोरात केलीत किंवा मधली विश्रांती कमी पडली. आणि सहाव्या फेरीनंतर शेजाऱ्याशी आरामात गप्पा मारता येत असतील, तर जोर लावलाच नाही.

चाळिशी ओलांडलेल्या आणि बरीच वर्षं व्यायाम नसलेल्यांनी, रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी इंटरव्हलआधी डॉक्टरांना भेटावं. छातीत दाब किंवा चक्कर आली, तर फेरी मोजायची नाही, थांबायचं.

मोकळा दिवस दिसला की तिथे कार्डिओ टाकणं

बुधवार मोकळा होता म्हणून त्याने स्प्रिंट तिथे ठेवले. कागदावर छान दिसतं. पण मागे सोमवारचा स्क्वॉट, पुढे गुरुवारचं डेडलिफ्ट. पायांना सलग 48 तास कधी मिळालेच नाहीत.

यावर जिममध्ये लगेच कुणीतरी म्हणतं, कार्डिओ स्नायू खातं. तसं नाही. योग्य प्रमाणात कार्डिओ केल्याने स्नायूंची वाढ किंवा ताकद मार खाते, असं संशोधनात एकूण दिसत नाही. स्फोटक ताकदीवर मात्र परिणाम होऊ शकतो, विशेषतः दोन्ही एकाच सत्रात केलं तर. त्याचा स्क्वॉट पडला तो कार्डिओमुळे नाही, कार्डिओच्या वेळापत्रकामुळे आणि कमी खाण्यामुळे.

आम्ही केलेला बदल असा. इंटरव्हल आठवड्यातून एकदाच, सायकलवर, सोमवारी संध्याकाळी. स्क्वॉट सकाळी सातला, म्हणजे मध्ये दहा-अकरा तास. लोकांना हे उलटं वाटतं, लेग डेलाच हिट? पण पायांचा जड दिवस एकदाच जड होऊ द्यायचा, म्हणजे मंगळवार-बुधवार खरोखर हलके राहतात. ज्याला दोनदा जिमला येणं शक्य नाही, त्याने त्याच सत्रात स्क्वॉट संपल्यावर चार-पाच फेरे करावेत. आधी कधीच नाही. आधी फक्त पाच-दहा मिनिटं चालणं.

झोन टू चार वेळा, 45 मिनिटं: मंगळवार आणि शुक्रवार अप्परनंतर इन्क्लाइनवर, बुधवारी आणि शनिवारी बाहेर, सपाट रस्त्यावर झपाझप. रविवार सुट्टी. सिंहगड महिन्यातून एकदा, आणि त्या आठवड्यात स्क्वॉट सोमवारऐवजी बुधवारी ढकलायचा, असं मी आधी सांगितलं होतं. ते चाललं नाही, कारण मग गुरुवारचं डेडलिफ्ट अडकतं. आता तो गड शनिवारी करतो. सोमवारी मांड्या थोड्या बोलतात, पण स्क्वॉट होतो.

चार चालणी मिळून आठवड्याला फार तर 1,200 कॅलरी. एक किलो चरबीला साधारण 7,700 लागतात. म्हणजे खाणं तसंच ठेवलं, तर आठवड्याला दीडशे ग्रॅम. त्यात चालून आल्यावर एक वडापाव खाल्ला, तर एका चालण्याची बहुतेक कमाई तिथेच गेली. म्हणून जेवणातून रोज 300 कॅलरी कमी केल्या, मुख्यतः संध्याकाळचं फरसाण आणि चहातली साखर, आणि प्रोटीन 130 ग्रॅमपर्यंत नेलं.

आठ आठवड्यांत वजन 81 झालं, कंबर चार सेंटिमीटरने उतरली आणि स्क्वॉट परत 100 वर आला. पाचव्या आठवड्यात ऑफिसचं काम वाढलं, झोप पाच तासांवर आली. सकाळचे ठोके 64 ऐवजी सलग चार दिवस 71 दिसले आणि नेहमीचं 80 किलोचं वॉर्म-अप वजन जड लागलं. त्या आठवड्यात सोमवारची सायकल काढून टाकली. चालणं आणि वजनं तशीच ठेवली.