भाडं किंवा कंत्राटदाराचे पैसे पाठवताना या चुका टाळा

पैसे पाठवायला बसलं की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो: लवकर कशाने जातील? मला विचाराल तर आधी दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. समोरच्याच्या हिशेबात पैसे ‘पोचले’ असं कधी धरलं जाणार? आणि काही चुकलं तर ते परत येण्याची वाट आहे का? भाड्याच्या बाबतीत पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो, कंत्राटदाराच्या बाबतीत दुसरा. म्हणून दोघांना डोळे झाकून एकाच मार्गाने पैसे पाठवणं ही मुळातली चूक.

मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. तत्काळ व्यवस्थेत प्रत्येक व्यवहार सुटा आणि लगेच जातो. आपली आयएमपीएस आणि यूपीआय, ब्रिटनची फास्टर पेमेंट्स, ब्राझीलची पिक्स या त्यातल्या. बॅच व्यवस्थेत अनेक व्यवहार गोळा करून ठरलेल्या वेळी एकत्र हिशेबाला घेतले जातात. एनईएफटी, ब्रिटनची बॅक्स आणि अमेरिकेची एसीएच या वर्गात येतात. ‘त्याच दिवशी’ हा मधला प्रकार. तिथे ठरलेल्या वेळेच्या आत सूचना दिली तर पैसे त्या दिवशी पोचतात, वेळ चुकली तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. अमेरिकेची ‘सेम डे एसीएच’ अशी चालते.

खात्यातून पैसे वजा झाले म्हणजे भाडं भरलं, असं समजणं

एक उदाहरण मांडून पाहू. ऑफिसचं भाडं सोमवारी १ तारखेला मालकाच्या खात्यात जमा झालेलं हवं, असं करारात लिहिलं आहे. हिशेबनीस बॅक्ससारख्या तीन दिवसांच्या बॅचने पैसे पाठवतो. या चक्रात पहिल्या दिवशी सूचना बँकेकडे जाते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर प्रक्रिया होते, तिसऱ्या दिवशी पैसे जमा होतात. तिन्ही दिवस कामकाजाचे हवेत.

त्याने गुरुवारी संध्याकाळी सूचना दिली. मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आहेत, म्हणजे भरपूर वेळ आहे असं त्याला वाटलं. पण त्या दिवशीची मुदत टळून गेली होती, त्यामुळे बँकेने शुक्रवार हा पहिला दिवस धरला. शनिवार-रविवार मोजलेच जात नाहीत. दुसरा दिवस सोमवार, तिसरा मंगळवार. भाडं २ तारखेला जमा झालं. हीच सूचना गुरुवारी मुदतीच्या आत गेली असती, तर गुरुवार, शुक्रवार, सोमवार असे तीन दिवस भरून पैसे वेळेत पोचले असते. चार दिवस हातात आहेत असं वाटत होतं, आणि चुकली फक्त एक संध्याकाळ.

शुक्रवारी हे लक्षात आलं असतं तर उपाय होता. बॅचमधली सूचना मागे घेता येत असेल तर आधी ती रद्द झाल्याची खात्री करायची, आणि मग सोमवारी सकाळी त्याच दिवशीच्या किंवा तत्काळ मार्गाने पैसे पाठवायचे. क्रम उलटा झाला तर भाडं दोनदा जातं.

इथे आणखी एक गैरसमज काढून टाकू. बॅच म्हणजे संथच, असं नाही. एनईएफटी ही बॅचच आहे, पण डिसेंबर २०१९पासून ती चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि दर अर्ध्या तासाला तिची एक बॅच निघते. त्यामुळे नियमित भाड्यासाठी ती पुरेशी आहे. बॅच आहे की नाही, यापेक्षा ती किती वेळाने निघते आणि सुट्टीला चालते का, हे विचारा. आणि करार नीट वाचा: ‘पाठवल्याची तारीख’ धरायची की ‘जमा झाल्याची’? तो एक शब्दच कोणता मार्ग चालेल हे ठरवतो.

नव्या कंत्राटदाराला पहिलीच मोठी रक्कम तत्काळ मार्गाने पाठवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

तत्काळ व्यवहार एकदा यशस्वी झाला की तो अंतिम. बँक तो स्वतःहून उलटा फिरवत नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याने संमती द्यावी लागते, नाहीतर तक्रार आणि पोलीस. शिवाय पैसे कुठे जायचे हे खाते क्रमांकावरून ठरतं. तुम्ही लाभार्थीचं नाव म्हणून काय टाइप केलं, हे अनेक व्यवस्थांमध्ये जुळवून पाहिलंच जात नाही.

याच फटीचा फायदा घेणारी फसवणूक अशी असते. काम अर्ध्यावर आलंय, पुढचा हप्ता द्यायचाय, आणि कंत्राटदाराच्या ईमेलवरून निरोप येतो: ‘आमचं खातं बदललंय, या नव्या खात्यावर पाठवा.’ बिल तेच, कामाचा तपशील तोच, फक्त खाते क्रमांक वेगळा. अनेकदा कंत्राटदाराचा मेल खरोखरच कुणीतरी उघडून वाचत असतो, म्हणून मजकुरात काही खटकत नाही. अशा वेळी त्या मेलला उत्तर देऊन खात्री करण्यात अर्थ नाही, आणि त्यात दिलेल्या फोन नंबरवर तर नाहीच. काम ठरवताना ज्या नंबरवर बोलला होतात त्यावर फोन करा आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्यांच्याच तोंडून ऐका. तुम्ही वाचून दाखवलेत तर घाईत असलेला माणूस ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो.

‘आधी थोडी रक्कम पाठवून बघतो’ ही सवय चांगली, पण तिच्यातून काय सिद्ध होतं हे समजून घ्या. छोटी रक्कम गेली म्हणजे ते खातं चालू आहे आणि पैसे घेतं, एवढंच कळलं. ते कुणाचं आहे हे नाही कळलं. म्हणून रक्कम आकडा सहज ओळखता येणार नाही अशी ठेवा आणि ती किती आली हे जुन्या नंबरवर फोन करून कंत्राटदारालाच सांगायला लावा. नंतरची मोठी रक्कम त्याच साठवलेल्या लाभार्थीला पाठवा. क्रमांक पुन्हा टाइप केला तर आधीची पडताळणी वाया गेली.

नाव तपासण्याची सोय आता बऱ्याच ठिकाणी आली आहे. ब्रिटनमध्ये ती २०२०पासून आहे, युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५पासून. भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी बँकांना ही सोय द्यायला लावली. पडद्यावर खातेदाराचं नाव दिसलं की ते बिलावरच्या नावाशी ताडून पाहा. फर्मच्या नावाचं बिल आणि एखाद्या व्यक्तीच्या नावाचं खातं असं दिसलं तर थांबून कारण विचारा. छोट्या कंत्राटदाराचं खातं वैयक्तिक असू शकतं, पण ते त्याने आधी सांगितलेलं असायला हवं.

बॅचने पाठवलं तर भांडण झाल्यावर पैसे परत आणता येतील, अशी आशा धरणं

बॅचमध्ये थोडी उसंत मिळते हे खरं. पुढची तारीख टाकून ठेवलेली सूचना ती तारीख येईपर्यंत रद्द करता येते. पण बॅच एकदा निघाली की परत फिरवण्याची कारणं अगदी मोजकी असतात. अमेरिकेच्या एसीएचमध्ये व्यवहार दोनदा जाणं, रक्कम चुकणं, भलत्याच खात्यात जाणं, तारीख चुकणं अशा चुकांसाठीच तो उलटवता येतो, तोही पाच बँक दिवसांत. ‘फरशी वाकडी बसवली’ हे त्यात बसत नाही, आणि बसूही नये.

कामाच्या दर्जाचा वाद पैसे पाठवण्याच्या पद्धतीने सुटत नाही. त्यासाठी हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा आणि शेवटचा काही भाग काम तपासून होईपर्यंत राखून ठेवा. राखलेली रक्कम किती आणि ती कधी द्यायची, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.

मर्यादा ऐन वेळी आठवणं

नवा लाभार्थी जोडल्यावर पहिले काही तास, पुष्कळ बँकांत पहिला दिवस, त्याला थोडीच रक्कम पाठवता येते. तत्काळ मार्गांना दर व्यवहाराची आणि दिवसाची कमाल मर्यादाही असते. मग लोक हप्त्याचे तुकडे करून पाठवतात, त्यातला एक अडकतो, आणि नेमकं किती पोचलं यावरून वाद होतो. मोठी रक्कम एकाच व्यवहारात जायला हवी. भारतात दोन लाख रुपयांपासून पुढच्या रकमांसाठी आरटीजीएस आहे आणि डिसेंबर २०२०पासून ती दिवसरात्र चालू असते. इतरत्र अशा मोठ्या रकमांच्या व्यवस्था बहुधा संध्याकाळी बंद होतात, सुट्टीलाही. लाभार्थी मात्र दोन दिवस आधीच जोडून ठेवा.

‘पेंडिंग’ दिसताच पुन्हा पाठवणं

खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, आणि त्याचा तिसरा फोन आला. अशा वेळी बोट आपोआप पुन्हा ‘पाठवा’वर जातं. आधी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक काढा. भारतात एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षर-अंकांचा, आरटीजीएसचा २२, तर आयएमपीएस आणि यूपीआयचा क्रमांक १२ अंकी असतो. तो समोरच्याला द्या आणि त्याच्या बँकेत विचारायला सांगा. स्क्रीनशॉटवरून बँक पैसे शोधू शकत नाही, या क्रमांकावरून शोधते.

अस्तित्वातच नसलेल्या किंवा बंद खात्याकडे गेलेले पैसे सहसा परत येतात. एनईएफटीत ज्या बँकेला ते जमा करता येत नाहीत तिने बॅच झाल्यापासून दोन तासांत ते परत पाठवायचे असतात. आयएमपीएस आणि बँक खात्यावरच्या यूपीआयमध्ये अडकलेली रक्कम फार तर पुढच्या दिवसापर्यंत उलटून यायला हवी. परतीची नोंद खात्यात वेगळी जमा म्हणून दिसते आणि तिचा मेसेज कधी येतो, कधी येतही नाही. म्हणून पुन्हा पाठवण्याआधी खात्याचा पूर्ण उतारा उघडून ती नोंद आहे का बघा.

तरीही दोनदा गेलेच, तर बँकेच्या मागे लागण्याऐवजी कंत्राटदाराला दोन्ही संदर्भ क्रमांक लेखी कळवा आणि जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करायला सांगा. उलट बाजूने कुणी ‘चुकून तुमच्या खात्यात जास्त आले, या दुसऱ्या खात्यावर परत करा’ म्हणालं, तर तसं करू नका. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, आणि तेही आपल्या बँकेला कळवून, परत जायला हवेत.