जुन्या गाडीची फूड व्हॅन करताय? या चुका टाळा

साताऱ्याजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. खाद्यपदार्थांच्या गाड्या बांधायला येणारे बहुतेक जण गाडी घेऊन झाल्यावरच येतात, आणि तोवर निम्मी चूक होऊन गेलेली असते. रंग, बोर्ड, लायटिंग यांचे फोटो मोबाईलवर तयार असतात. पण आरसीवर एकूण वजन किती लिहिलंय, हे विचारलं की गप्प होतात.

वजनाचा हिशेब न करता गाडी घेणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण ती नंतर दुरुस्त करायला सगळ्यात महाग पडते.

आरसीवर दोन आकडे असतात, गाडीचं रिकामं वजन आणि भरल्यावर चालणारं कमाल एकूण वजन. या दोहोंतला फरक म्हणजे तुमचं भांडवल. टप, ओटा, तवा, पाणी, सिलिंडर, पीठ आणि गाडीत बसलेली माणसं, सगळं त्यातच बसवायचं. दलाल म्हणतो, "छोटा हत्ती आहे, टनभर माल ओढतो." ओढतो, खरं आहे. पण तेवढ्यासाठी त्याचे वजन पेलणारे स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक बनवलेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा डोशाची गाडी घेऊन आला. बांधणी दुसरीकडे झाली होती, गाडी रस्त्यावर येऊन महिनाही झाला नव्हता. तक्रार अशी की मागचं टायर आत घासतं आणि वळणावर गाडी झुलते. खाली वाकून पाहिलं तर पाटे सरळ झाले होते, एकाचं पान तुटलं होतं. त्याला म्हटलं, पाटे नंतर बघू, आधी वजनकाट्यावर चल.

आरसीवर रिकामं वजन ८१५ किलो, कमाल १५५०. आम्ही तिघं, म्हणजे तो, त्याचा भाऊ आणि मी, आत बसलेलो असताना काट्याची पावती आली १९३० किलोची. मर्यादेपेक्षा ३८० किलो जास्त, आणि तो मुलगा रोज घाट उतरत होता.

मग एकेक वस्तू मोजली. मूळ हौदा काढल्याने १०० किलो कमी झाले होते, पण त्याजागी बाहेरून सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा लोखंडी पत्रा, खाली तीन मिलिमीटरची चेकर प्लेट, आतून स्टील आणि ओट्यावर ग्रॅनाइट आलं होतं. बांधणीच साडेचारशे किलोच्या वर. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला पावणेआठ किलोच्या पुढे जातो, त्यामुळे "थोडा जाड घ्या, मजबूत होईल" ही सूचना फार वजनदार ठरते. वर दोनशे लिटरची टाकी, म्हणजे भरल्यावर दोनशे किलो. शिवाय १९ किलो गॅसचे दोन भरलेले सिलिंडर, रिकाम्या सिलिंडरच्या वजनासकट सत्तरेक किलो.

ग्रॅनाइट काढून स्टीलचा ओटा केला. चेकर प्लेट काढून वॉटरप्रूफ प्लाय टाकला. बाहेरचा पत्रा बदलून हलकं अ‍ॅल्युमिनियम पॅनेल लावलं. शेगडीच्या बाजूला मात्र स्टीलच ठेवलं, कारण त्या पॅनेलच्या आतला थर पेट घेऊ शकतो. पाणी ऐंशी लिटरवर आणलं, गाडीत एकच सिलिंडर ठेवला, आणि भाऊ व मदतनीस दुचाकीवर येऊ लागले. काट्यावर १४८० किलो झाले. दोनदा बांधणीचा खर्च झाला, आणि तो खर्च माझ्यासमोर बसून मोजताना त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

"गाडी कुठे पळवायचीय, उभीच तर राहणार" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. उभ्या गाडीच्या पाट्यांवरही ते वजन चोवीस तास असतंच. त्यात तवा, शेगडी आणि सिलिंडर एकाच बाजूला, खिडकीकडे असतील तर गाडी तिकडेच कलते. मी जड वस्तू चाकांच्या मधल्या पट्ट्यात आणि दोन्ही बाजूंना वाटून ठेवतो. बांधणीआधी जमिनीवर खडूने गाडीचा आकार काढून वस्तू मांडून बघतो. अर्धा दिवस जातो, पण त्याशिवाय मी पत्रा कापत नाही.

विजेचा अंदाज "एक इन्व्हर्टर टाकू" असा करणं

त्याच गाडीत छोटा डीप फ्रीझर होता. सहा तासांचा हिशेब मांडला. फ्रीझर साधारण निम्मा वेळ चालतो असं धरून ३६० वॉट-तास, दिवे २४०, धूर ओढणारा पंखा ३००, मिक्सर वीस मिनिटं म्हणजे २५०. एकूण ११५०. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं की १४०० च्या आसपास. दीडशे अँपिअर-तासांच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० असतात, पण ती रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे वापरायचे ९००. दुसरी बॅटरी हवी, आणि तिचं वजन पंचावन्न किलो! १४८० चे १५३५ झाले असते, पंधरा किलोच शिल्लक.

म्हणून फ्रीझर काढून बर्फाची पेटी ठेवली आणि चटणी घरून वाटून आणायला लावली. उरले दिवे आणि पंखा, नुकसान धरून साडेसहाशे. एक बॅटरी पुरली, घरी रात्रभर चार्ज होते. सामान वाढवत न्यायची घाई करणाऱ्यांना मी हाच हिशेब दाखवतो.

फ्रीझर ठेवायचाच असेल तर एवढं लक्षात असू द्या की कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. त्याच क्षणी मिक्सर लागला तर ८५० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर बंद पडतो. तापवायचं काम मी विजेवर देतच नाही, ते गॅसवर. आणि गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर दिवे लावू नका, सकाळी धक्का मारावा लागेल.

आधी कापणं, मग आरटीओ

गाडीच्या रचनेत बदल करायला आरटीओची मंजुरी आधी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. मंजुरी नसेल तर पासिंगला अडतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. पांढऱ्या पाटीची खाजगी ईको किंवा ओम्नी स्वस्त मिळते म्हणून घेऊन त्यात धंदा सुरू करू नका. मालवाहू गाडी घ्या. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू परमिटची गरज नसते, पण फिटनेस लागतोच. आठ वर्षं झालेल्या गाडीला तो दरवर्षी करावा लागतो, म्हणून अशा गाडीची किंमत ठरवताना हे लक्षात घ्या.

दुसरा गैरसमज एफएसएसएआय नोंदणीचा. ती अन्न विकायची परवानगी आहे, रस्त्यावर उभं राहायची नाही. त्यासाठी नगरपालिकेची परवानगी वेगळी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रमाणपत्र नगर पथविक्रेता समितीमार्फत मिळतं. जागा ठरलेली नसताना गाडी घेतलेले लोक पहिल्या आठवड्यातच इकडून तिकडे हाकलले जातात. मी तर गिऱ्हाइकाला आधी एखाद्या खाजगी जागेच्या मालकाचं लेखी संमतिपत्र आणायला सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

थकलेली चलनं एम-परिवहन अ‍ॅपवर तपासा.

चेसिसवर स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. पत्रा पापुद्र्यासारखा सुटला तर रंग कितीही नवा असो, परत फिरा.

घरगुती सिलिंडर गाडीत चालत नाही, एकोणीस किलोचाच व्यावसायिक घ्या. पाइप दरवर्षी बदला.

गाडी बघायला जाल त्या दिवशी ती काट्यावर न्यायची तयारी विक्रेत्याने दाखवली नाही, तर तिथला सौदा मी करत नाही.