काजूचं बोंडू मेटाबॉलने करताना: कन्व्हर्ट दाबण्याआधी हे वाचा

म्हापशातल्या एका दुकानासाठी ब्लेंडरमध्ये काजूच्या आकाराची कीचेन करायची होती. वर बोंडू, खाली बी, आणि तेच मॉडेल थ्रीडी प्रिंटला जाणार. आमच्या पणजीच्या स्टुडिओतल्या सरांचं मत एकच: "मेटाबॉल जुने झाले, सरळ स्कल्प्ट कर." ज्याचा हात बसलाय त्याला हे सांगणं सोपं आहे. माझा बसलेला नाही, आणि नवख्याला गुळगुळीत जोड मिळवायला मेटाबॉलसारखं, म्हणजे जवळ आणले की एकमेकांत मिसळणाऱ्या गोळ्यांसारखं, दुसरं काही नाही, असं मला अजूनही वाटतं.

बोंडूला दोन गोळे पुरतात, एक मोठा आणि एक लहान. ते जवळ आणले की एकमेकांकडे ओढले जातात. प्रत्येक गोळ्याचा प्रभाव दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या बाहेरपर्यंत पसरलेला असतो, म्हणून हे होतं. डिफॉल्ट सेटिंगला त्रिज्या २ असली तरी दिसणारा एकटा गोळा साधारण १.१५ त्रिज्येचाच असतो. त्यामुळे माप त्रिज्येच्या आकड्यावरून ठरवू नका, डोळ्यांनी बघा.

बीसाठी एडिट मोडमध्ये तीन गोळे कमानीत ठेवा आणि आतल्या बाजूला चौथा ठेवून त्याला Negative करा. तो स्वतः दिसत नाही, पण बाजूचा भाग खातो आणि काजूची ती खाच तयार होते. खाच फार खोल गेली तर त्याची Stiffness कमी करा.

आता बी आणि बोंडू यांच्यामध्ये तर घडी हवी, वितळलेला जोड नको. इथे नावं बघा. नावातला टिंबाआधीचा भाग सारखा असेल तर ब्लेंडर त्या सगळ्या मेटाबॉलना एकाच कुटुंबातले धरतं आणि मिसळतं. Bondu आणि Bondu.001 मिसळतील, Bondu आणि Bee मिसळणार नाहीत. म्हणून बी वेगळ्या नावाची करा. याच कारणामुळे बॅकअप म्हणून Shift+D केलेली प्रत जागच्या जागी ठेवली की आकार अचानक फुगतो. बॅकअप घ्यायचा तर फाइलच वेगळ्या नावाने सेव्ह करा.

आता खरा सापळा, ज्यात मी बरेच दिवस अडकून होते. मेटाबॉलच्या डेटा टॅबमध्ये दोन रिझोल्यूशन असतात: Resolution Viewport, डिफॉल्ट ०.४, आणि Render, डिफॉल्ट ०.२. आकडा लहान तेवढी जाळी बारीक. रेंडर बघून आपण खूश होतो, मग Object > Convert > Mesh करतो आणि हातात येतो टोकं-टोकं आलेला बटाटा. कारण कन्व्हर्ट करताना व्ह्यूपोर्टचा आकडा धरला जातो, रेंडरचा नाही. परत वाचा: व्ह्यूपोर्टचा. रेंडरचा आकडा कितीही खाली नेला तरी मेशमध्ये काही फरक पडणार नाही. बीची खाच जाळीच्या एका चौकोनाएवढीच असेल तर ती नुसती भरून जाते, आणि दोष Negative गोळ्याचा आहे असं समजून आपण तोच हलवत बसतो.

म्हणून काम करताना ०.३ किंवा ०.४ राहू द्या, मशीन अडकणार नाही. कन्व्हर्ट करण्याच्या लगेच आधी Viewport ०.०८ करा. आणखी निम्मा केलात तर तुकडे सुमारे चौपट होतात, तेव्हा ०.०१ लिहायची घाई नको. ही सेटिंग मूळ मेटाबॉलची चालते, म्हणजे ज्याच्या नावाला नंबर नाही त्याची. Bondu.001 चा आकडा बदलून काही होत नसेल तर घाबरू नका, Bondu निवडा.

कन्व्हर्ट झालेल्या मेशमध्ये चौकोनांच्या मधे बारीक, लांबट त्रिकोण घुसलेले असतात. चमकदार मॅटकॅप लावा. प्रकाशाची रेघ थरथरलेली दिसली की समजा. त्यावर सबडिव्हिजन लावून ते लपत नाही, उलट चिमटे दिसायला लागतात.

दोन्ही भाग Ctrl+J ने जोडा, Ctrl+A ने स्केल अप्लाय करा. ते राहिलं तर पुढच्या रीमेशमधलं व्हॉक्सेलचं, म्हणजे जाळी नव्याने बांधणाऱ्या ठोकळ्याचं, माप तुम्हाला वाटतं ते नसतं. मग डेटा टॅबमधल्या Remesh मध्ये Voxel Size ०.०५ ठेवून चालवा. एकमेकांत घुसलेल्या दोन कवचांचं एकच सलग कातडं होतं आणि आतला भाग जातो. घडी मात्र व्हॉक्सेलच्या मापाइतकी बोथट होते. ती जास्त बोथट वाटली तर ०.०३ करून बघा.

प्रिंटसाठी इथेच थांबा. मिलिमीटरचं माप द्या आणि एसटीएल काढा. सगळे चतुष्कोन हवेतच म्हणून क्वाड्रिफ्लोच्या मागे लागणं हा निव्वळ हट्ट आहे, स्लायसर शेवटी त्रिकोणच वाचतो. तेच बोंडू टेक्स्चर लावून किंवा हलवून दाखवायचं असेल तर मात्र क्वाड्रिफ्लो चालवा, २००० फेसेसपासून सुरुवात करा. मेश मॅनिफोल्ड नाही अशी तक्रार त्याने केली तर आधी व्हॉक्सेल रीमेश खरंच झालंय का ते तपासा.