टेबलवरून बॉण्डची किंमत आणि वायटीएम कसा काढायचा

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. फेस व्हॅल्यू १००० रुपये, कूपन ८ टक्के, व्याज वर्षातून एकदा, मुदत ५ वर्षं. म्हणजे दरवर्षी ८० रुपये येणार आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी ८० सोबत १००० परत.

आधी किंमत. समजा बाजाराला १० टक्के परतावा हवाय, तर टेबल १० टक्क्यांच्या कॉलमातच बघायचं, कूपनचा ८ इथे विसरा, तो फक्त ८० रुपये काढण्यापुरता होता. ८० दरवर्षी सारखेच येतात म्हणून ॲन्युइटीचं टेबल, ५ वर्षांच्या ओळीत ३.७९१ मिळतं. १००० एकदाच येणार म्हणून साधं टेबल, तिथे ०.६२१.

```
80 × 3.791   = 303.28
1000 × 0.621 = 621.00
किंमत        = 924.28
```

आता उलटं. बॉण्ड ९५० ला मिळतोय, वायटीएम किती? इथे सरळ सूत्र नाही, अंदाज घेऊन दोन्ही बाजूंनी पकडावं लागतं. किंमत १००० पेक्षा कमी म्हणजे दर ८ च्या वर हे नक्की. १० ला ९२४.२८ आलेच आहेत, ते ९५० पेक्षा कमी, म्हणजे दर १० च्या खाली. मग ९ टक्के बघू: ८० × ३.८९० = ३११.२० अधिक ६५०, म्हणजे ९६१.२०. सापडलं, ९ आणि १० च्या मध्ये. एक टक्का दर वाढला की किंमत ३६.९२ ने पडते, आपल्याला ९६१.२० वरून ११.२० च खाली यायचंय:

```
9 + 11.20 ÷ 36.92 = 9.30%
```

दोन दर जवळजवळचेच घ्या हं. किंमतीची रेषा सरळ नसते, वाकलेली असते, म्हणून ८ आणि १२ च्या मध्ये हेच गणित केलं तर ९.३९ येतं, आणि अशी चूक नेहमी वरच्या बाजूलाच जाते.

परीक्षेत खरा घोळ सहामाही व्याजाला होतो (आपल्या सरकारी रोख्यांवर व्याज सहामाहीच असतं). तेव्हा तीन गोष्टी बदलतात, व्याज ४०, हप्ते १० आणि दर ५ टक्के. बरेच जण व्याज आणि हप्ते बदलतात पण दर १० च ठेवतात, मग उत्तर ६३१.८० येतं! बरोबर उत्तर ९२२.८८, वार्षिकच्या अगदी जवळ. इतका फरक दिसला की समजायचं, कॉलम चुकलाय.

आणि उत्तरात ४०-५० पैसे इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, टेबल तीनच दशांश देतं. याच बॉण्डला ८ टक्के लावून बघा, नेमके १००० यायला हवेत पण येतात १०००.४४.