वाढीव निधी न मागता मुदतवाढ मागताना

संशोधन प्रकल्पाच्या मुदतवाढीच्या अर्जात ‘अपरिहार्य कारणांमुळे विलंब’ असं मोघम लिहू नका. कोणत्या कामाचे किती महिने गेले ते तारखांसह सांगा. समजा, यंत्राची निविदा पुन्हा काढावी लागली, ते जूनऐवजी नोव्हेंबरमध्ये आलं आणि खरिपातले मातीचे नमुने तपासायचे राहिले. इथे विलंब पाच महिन्यांचा दिसतो, पण हंगाम पुढच्या जूनमध्येच येणार. म्हणून पाचच महिने मागितले आणि ते हंगाम पूर्ण होण्याआधीच संपले, तर नमुने पुन्हा हुकतील. बारा महिने मागा आणि हे कारण स्पष्ट लिहा. सुधारित वेळापत्रकात फक्त उरलेली कामं दाखवा. शिल्लक रकमेत संशोधन सहायकाचं वाढीव काळातलं मानधन बसतं का, हे आधी लेखा विभागाकडून तपासून घ्या. अर्ज इथे अडखळू शकतो. प्रकल्पाची मुदत संपण्याच्या काही महिने आधीच अर्ज पाठवा.