इक्वल एरिया क्रायटेरियन: गणिताआधी तीन वक्र काढा

पॉवर सिस्टिमचा पेपर असो की प्रोटेक्शनमधली पहिली नोकरी, ट्रान्झिएंट स्टेबिलिटीत माणूस अडकतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. क्रिटिकल क्लिअरिंग अँगलचं सूत्र तोंडपाठ असतं, पण त्यात कुठल्या वेळचा Pmax घालायचा हे पक्कं नसतं. माझेही सगळ्यात जास्त दिवस याच गोष्टीने खाल्ले, म्हणून बाकीचं भराभर सांगून इथे मुक्काम करते.

एक मशीन, समोर इन्फिनिट बस. स्विंग इक्वेशन तुम्हाला माहीत आहेच:

```
(2H/ωs) · d²δ/dt² = Pm − Pe
Pe = (E'·V/X) · sin δ
```

फॉल्ट आला की X एका क्षणात बदलतो, म्हणून Pe सुद्धा एका क्षणात बदलते. δ मात्र उडी मारू शकत नाही, कारण त्यामागे रोटरचं जड वस्तुमान आहे. आणि इतक्या थोड्या वेळात गव्हर्नर काही करू शकत नाही, म्हणून Pm स्थिर धरायची. या तीन वाक्यांवर पुढचं सगळं उभं आहे.

आता एक उदाहरण घेऊ. E' 1.2, V 1.0, Pm 1.0 पर युनिट, H 4 सेकंद, फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ. मशीनचा X'd 0.3, ट्रान्सफॉर्मर 0.1, आणि पुढे समांतर दोन लाइन, प्रत्येकी 0.4. एका लाइनच्या सुरुवातीलाच, मशीनकडच्या बसला लागून, थ्री-फेज फॉल्ट होतो आणि तीच लाइन ट्रिप करून तो काढला जातो.

कागदावर आधी तीन वक्र काढा, कॅल्क्युलेटर नंतर. फॉल्टआधी X 0.6, म्हणून Pmax 2.0 आणि सुरुवातीचा δ0 बरोबर 30°. फॉल्ट चालू असताना बसवरचं व्होल्टेज शून्य, त्यामुळे Pe शून्य. हा वक्र आडव्या अक्षावरच पडतो. फॉल्ट गेल्यावर एकच लाइन उरते, X 0.8 होतो आणि Pmax 1.5 वर येतो.

खरा सापळा हा तिसरा वक्र आहे. फॉल्ट गेला म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं मन आपोआप धरतं. पूर्ववत काहीच झालेलं नसतं, एक लाइन गेलेली असते. रोटरला ब्रेक लावायचं काम आता 2.0 चा वक्र करणार नाही, 1.5 चा करणार आहे. रोटर परत फिरू शकेल असा शेवटचा कोनही याच वक्रावर मोजायचा: 180° वजा sin⁻¹(1.0/1.5), म्हणजे 138.2°. त्याच्या पलीकडे Pe पुन्हा Pm च्या खाली जाते, रोटर पुन्हा वेग घेतो आणि मशीन सिंक्रोनिझममधून बाहेर पडतं.

क्षेत्रफळं का जुळवायची हे एकदा स्वतः करून बघा. स्विंग इक्वेशनला दोन्हीकडे dδ/dt ने गुणा आणि इंटिग्रेट करा. डावीकडे वेगाचा वर्ग येतो, उजवीकडे (Pm − Pe) खालचं क्षेत्रफळ. हा वेग म्हणजे सिंक्रोनस वेगापेक्षा जास्तीचा वेग. फॉल्ट काढला त्या क्षणी प्रवेग उलटा होतो, पण जास्तीचा वेग तसाच असतो, म्हणून δ पुढे सरकतच राहतो. कमावलेलं सगळं क्षेत्रफळ परत फेडलं गेलं की वेग शून्य होतो आणि रोटर मागे वळतो. घाबरू नका, हे बारावीच्या इंटिग्रेशनपलीकडे जात नाही.

आपल्या उदाहरणात:

```
cos δc = [Pm(δmax − δ0) + 1.5·cos δmax] / 1.5
       = [1.888 − 1.118] / 1.5 = 0.513
δc = 59.1°
```

कंसातले कोन रेडियनमध्ये हवेत. अंश घातलेत तर cos ची किंमत एकच्या वर जाईल, म्हणजे ती चूक स्वतःच ओरडून सांगते.

वक्राची चूक अशी ओरडत नाही. फॉल्टनंतरही 2.0 चाच वक्र धरला तर δmax 150° येतो आणि δc 79.6°. आकडा अगदी शहाणा दिसतो, कुणाला शंका येत नाही. याहून फसवी अर्धी चूक म्हणजे वक्र 1.5 चा घ्यायचा, पण δmax जुना 150° ठेवायचा. मग उत्तर 58° येतं, खऱ्याला इतकं चिकटून की तपासणाराही पुढे जातो. नुसतं सूत्र पाठ करायला मी म्हणूनच ठाम विरोध करते. मला ज्या सीनिअरनी हा विषय शिकवला ते आकृती काढल्याशिवाय वहीत एक आकडा लिहू देत नसत. त्या वेळी राग यायचा. आज नवीन मुलांना मी तेच करायला लावते.

कोन मिळाला म्हणजे काम संपलं असंही नाही. रिलेला कोन कळत नाही, वेळ कळते. इथे फॉल्टच्या काळात Pe शून्य असल्यामुळे प्रवेग स्थिर आहे, म्हणून वेळ सरळ निघते:

```
t = √[4H(δc − δ0) / (ωs·Pm)]
  = √[16 × 0.508 / 314.16] ≈ 0.16 s
```

म्हणजे साधारण 8 सायकल. चुकीच्या 79.6° वरून हीच वेळ 0.21 सेकंद आली असती. समजा त्या भरवशावर फॉल्ट 0.18 सेकंदाला काढला. तोवर δ 66.5° वर पोचलेला असतो. कमावलेलं क्षेत्रफळ 0.636, 138.2° पर्यंत फेडायला उपलब्ध फक्त 0.465. मशीन गेलं. आकडेमोड करणाऱ्याच्या कागदावर मात्र अजून 30 मिलिसेकंद शिल्लक दिसत असतात.

आपल्याकडच्या ग्रिड स्टँडर्डमध्ये फॉल्ट क्लिअर करायला 400 केव्हीला 100 मिलिसेकंद आणि 220 केव्हीला 160 मिलिसेकंद एवढीच मुभा आहे. आपलं उदाहरण 400 केव्हीवर असेल तर हाताशी 60 मिलिसेकंद राहतात. 220 केव्हीवर असेल तर काहीच राहत नाही. आणि ब्रेकर अडकून बॅकअपवर वेळ आली, तर दोन्हीकडे मशीन टिकणार नाही. रिले, ट्रिप कॉइल आणि ब्रेकरच्या आतला आर्क विझणं हे सगळं त्या वेळेत बसवायचं असतं, हे विसरू नका.

फॉल्ट लाइनच्या मधोमध असेल तर Pe शून्य नसते, थोडी पॉवर जात राहते. अशा वेळी δc क्षेत्रफळांवरून तसाच निघतो. सूत्रात दुसऱ्या वक्राचा Pmax येतो, एवढाच फरक. वेळेचं वरचं सूत्र मात्र तिथे लावू नका, कारण प्रवेग δ बरोबर बदलतो. 0.01 सेकंदाच्या पायऱ्यांनी स्विंग इक्वेशन हाताने किंवा स्प्रेडशीटवर सोडवा आणि δ कधी δc ला पोचतो ते बघा. पहिल्यांदा हे वरच्या Pe शून्य असलेल्या उदाहरणावर करा. 0.16 सेकंद आले तर तुमच्या पायऱ्या बरोबर आहेत, मग दुसरा वक्र घाला. तयार सॉफ्टवेअरकडे त्याआधी जाऊ नये असं माझं मत आहे.

आणि हे सगळं पहिल्या स्विंगपुरतं आहे. E' स्थिर, रेझिस्टन्स शून्य, डॅम्पिंग शून्य धरलंय. पहिला स्विंग सावरलेलं मशीन पुढच्या दोलनांत सुटतं की नाही, यावर क्षेत्रफळं काही बोलत नाहीत.